जाहिरात नाही, कंपनी ठरलेली नाही, अर्जदाराची माहितीही नाही: असं कव्हर लेटर लिहायला आलं तर

"एक कव्हर लेटर लिहून दे ना, आजच पाठवायचंय." डीटीपी सेंटरवर नव्याने बसलेल्या मुलांना, कॉलेजच्या प्लेसमेंट कक्षात मदत करणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि घरात ज्याचं इंग्रजी बरं आहे अशा प्रत्येकाला हे वाक्य कधी ना कधी ऐकावं लागतं. कुठल्या नोकरीसाठी, असं विचारलं तर उत्तर येतं, "कुठेही चालेल." कंपनी कोणती? "अजून ठरलं नाही." तुझं शिक्षण, काम? "ते तू घाल ना चांगलं काहीतरी."

हे "चांगलं काहीतरी" घालायला बसलात की कष्टाळू, प्रामाणिक, जबाबदारीने काम करणारा, नवीन शिकण्याची आवड असणारा अशी ओळीवर ओळ सुचत जाते. पत्र दहा मिनिटांत तयार होतं आणि मागणारा खूश होऊन जातो. पण ज्याच्या टेबलावर ते जाणार, त्याने तसली पत्रं ढिगाने पाहिलेली असतात. अर्जदाराबद्दल त्याला त्यातून एकही गोष्ट कळत नाही. अशी मागणी आली की नेमकं काय करायचं, हे मी इथे क्रमाने सांगतो. पत्र तुम्ही स्वतःसाठीच लिहीत असलात तरी क्रम हाच.

पहिल्यांदा पाहा: काय नाही आणि काय नसलं तर चालेल

अशा मागणीत तीन गोष्टी गायब असतात: जाहिरात, कंपनीचा प्रकार आणि अर्जदाराची माहिती. नवख्या माणसाला तिन्ही सारख्याच वाटतात. तशा त्या नाहीत.

जाहिरात नसली तरी पत्र लिहिता येतं. सुमारे 1482 साली लिओनार्दो दा विंचीने मिलानच्या लुडोविको स्फोर्झाकडे काम मागण्यासाठी पत्र तयार केलं. त्याचा मसुदा आजही मिलानमध्ये जपून ठेवलेला आहे. जाहिरात वगैरे काही नव्हती. पण मिलानच्या सत्ताधीशाला लढायांची चिंता आहे, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून उचलून नेता येतील असे हलके पूल, तोफा, वेढ्याच्या वेळी खंदकातलं पाणी काढण्याच्या युक्त्या हे सगळं त्याने आधी मांडलं आणि चित्रकलेचा उल्लेख अगदी शेवटी केला. समोरच्याची गरज कळली असेल, तर जाहिरातीची उणीव भरून निघते.

कंपनी ठरलेली नसेल तर अडचण थोडी वाढते, पण वाट निघते. दोन-तीन प्रकारच्या कंपन्या गृहीत धरून पत्राचा एक भाग बदलता ठेवायचा. ते कसं करायचं ते पुढे येईलच.

तिसरी गोष्ट मात्र कशानेही भरून निघत नाही. अर्जदाराने काय केलं आहे, हे फक्त त्यालाच माहीत असतं. जाहिराती वाचून किंवा नमुना पत्रं चाळून ते मिळत नाही. तिथे तुम्ही स्वतःच्या कल्पनेने काही लिहिलं, तर ते खोटं असतं, आणि मुलाखतीत उत्तर द्यायला तुम्ही शेजारी बसलेले नसता. म्हणून पहिली दहा-पंधरा मिनिटं याच एका गोष्टीवर घालवा.

अर्जदाराकडून माहिती कशी काढायची

"तुझ्याबद्दल सांग" असं विचारलं की माणूस बुजतो किंवा पाठ केलेली वाक्यं म्हणतो. "तुझी कौशल्यं काय?" हा प्रश्न त्याहून वाईट. विचारायचं ते कामाच्या दिवसाबद्दल.

उदाहरण घेऊ. सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात दोन वर्षं काम केलेली, बी.कॉम. झालेली एक मुलगी तुमच्याकडे आली आहे. तिला "अकाउंट्समध्ये कुठेतरी" नोकरी हवी आहे. अनुभव विचारल्यावर ती म्हणते, "दादा, मी काही एवढं मोठं काम नाही केलं. नुसती बिलं करते आणि टॅली येतं."

हे वाक्य जसंच्या तसं पत्रात गेलं, तर दोन वर्षांची किंमत शून्य होते. तिला विचारा, "हंगामातला एक दिवस सांग. सकाळी दुकानात गेल्यापासून काय काय केलंस?" आता ती मोकळी होईल. हळदीचा सौदा झाला की वजनाच्या पावत्या तिच्याकडे येतात. त्यावरून प्रत्येक शेतकऱ्याची पट्टी करायची, हमाली-तोलाई वगैरे कपाती लावायच्या, निव्वळ रक्कम काढायची. दुपारी खरेदीदारांची बिलं टॅलीत घालायची. संध्याकाळी रोख मोजून वहीशी जुळवायची. किती पट्ट्या होतात? "गर्दी असली की साठ-सत्तर." पट्टी चुकली तर? "शेतकरी दारात उभा राहतो. म्हणून मी पैसे देण्याआधी वजनाची पावती आणि पट्टी परत एकदा ताडून बघते."

हे शेवटचं वाक्य म्हणजे तिच्या पत्राचा गाभा. दिवसाला साठ-सत्तर हिशोब, प्रत्येकात कपाती, आणि पैसे देण्याआधी स्वतःहून केलेली पडताळणी. "मी प्रामाणिक आणि काटेकोर आहे" हे लिहिण्याची मग गरजच उरत नाही.

आता "टॅली येतं" याच्या आत शिरा. टॅली येणं म्हणजे फक्त विक्रीची बिलं टाकता येणं असू शकतं, बँकेच्या स्टेटमेंटशी खातं जुळवणं असू शकतं, किंवा वर्षअखेरीस सगळं बंद करून सीएकडे देणंही असू शकतं. पगारात आणि कामात या तिन्हींमध्ये मोठं अंतर आहे. "बँकेचं जुळवणं कोण करतं?" असं सरळ विचारा. ती म्हणाली, "दर सोमवारी मी करते, चेक वटले नसतील ते मालकांना सांगते," तर ते पत्रात जायला हवं.

जीएसटीचंही तसंच. "जीएसटी माहीत आहे" असं पुष्कळजण म्हणतात. विचारा, "दर महिन्याच्या 11 आणि 20 तारखेच्या आसपास तू काय करायचीस?" मासिक विवरणपत्र भरणाऱ्या व्यापाऱ्याला विक्रीचं जीएसटीआर-1 पुढच्या महिन्याच्या 11 तारखेपर्यंत आणि कर भरण्याचं जीएसटीआर-3बी 20 तारखेपर्यंत द्यावं लागतं. ज्याने हे काम खरंच केलं आहे, त्याला या तारखांचा धसका आठवतो. तो सांगतो, "11 च्या आधी विक्रीची यादी सीएच्या ऑफिसला पाठवायचे, 14 नंतर पोर्टलवर खरेदीचं जीएसटीआर-2बी पत्रक आलं की खरेदीची बिलं त्याच्याशी जुळवायचे." नुसत्या क्लासला गेलेल्याला तारखा पाठ असतील, पण त्या दिवशी टेबलावर काय असायचं ते सांगता येत नाही. आपल्या उदाहरणातली मुलगी सांगते की ती यादी तयार करून सीएकडे पाठवायची, विवरणपत्र भरायचं काम सीएचं ऑफिस करायचं. मग पत्रातही तेवढंच लिहायचं. "जीएसटी रिटर्न भरण्याचा अनुभव" असं लिहिलं, तर मुलाखतीतल्या दुसऱ्याच प्रश्नाला ती अडकेल.

आणखी दोन प्रश्न नेहमी उपयोगी पडतात. एक, "कामाला लागलीस तेव्हा तुला काय करू देत नव्हते आणि नंतर काय करू द्यायला लागले?" यातून मालकाचा विश्वास कसा वाढला ते कळतं. कुणी म्हणतं, "पहिल्या दिवाळीनंतर गल्ल्याची किल्ली माझ्याकडे असायची." दुसरा, "तू रजेवर गेलीस की काय अडायचं?" जे अडतं, ते तिचं खरं काम.

अर्जदार अगदी नवा, कुठेही नोकरी न केलेला असेल, तर हेच प्रश्न प्रोजेक्टबद्दल, इंटर्नशिपबद्दल किंवा घरच्या कामाबद्दल विचारा. चौघांनी मिळून केलेल्या डिप्लोमाच्या प्रोजेक्टमध्ये त्याने स्वतः कोणता भाग केला, ते विचारा. घरच्या किराणा दुकानात दर रविवारी बसणारा मुलगा उधारीची वही सांभाळत असेल, तर ते वसुलीचं काम आहे. गणेश मंडळाचा खजिनदार असेल आणि वर्गणीच्या पावत्यांचा हिशोब त्याने सभेत मांडला असेल, तर तेही चालतं. मात्र हिशोब खरंच त्याने मांडलेला हवा.

जाहिरात नसेल तर तिची जागा कशाने भरायची

अर्जदाराला कोणत्या प्रकारचं काम हवं आहे, एवढं तरी ठरवून घ्या. "कुठेही चालेल" यावर पत्र होत नाही. "अकाउंट्स असिस्टंट" यावर होतं. मग त्या पदाच्या दुसऱ्या कंपन्यांच्या चार-पाच जाहिराती उघडा. केंद्र सरकारचं नॅशनल करिअर सर्व्हिस, राज्याचं महास्वयम्, नोकरी डॉट कॉम, कुठल्याही ठिकाणी मिळतील. अर्ज करायचा नसतो, फक्त कामांची यादी वाचायची. प्रत्येक जाहिरातीत वेगळं असतं ते सोडून द्या आणि पुन्हा पुन्हा येतं ते कागदावर उतरवा. अकाउंट्स असिस्टंटच्या जाहिरातींत बहुतेक वेळा खरेदी-विक्रीच्या नोंदी, बँक जुळवणी, येणी-देणी आणि जीएसटीची माहिती तयार करणं ही कामं दिसतील.

आता त्या यादीसमोर अर्जदाराने सांगितलेलं ठेवा. जिथे दोन्ही जुळतं, तिथली दोन किंवा तीनच कामं पत्रात घ्या. आपल्या मुलीच्या बाबतीत ती तीन आहेत: मोठ्या संख्येने हिशोबपत्रकं बिनचूक करणं, बँक जुळवणी, आणि जीएसटीसाठी विक्रीची यादी. जाहिरातींत टीडीएस दिसतं, पण तिने ते केलेलं नाही. म्हणून ते पत्रातल्या केलेल्या कामांत येणार नाही. शिकायची तयारी आहे असं एक वाक्य चालेल, पण तिने त्यासाठी खरंच काही सुरू केलं असेल तरच.

एक मर्यादा इथेच सांगून ठेवतो. सरकारी नोकरीसाठी जाहिरातीशिवाय पत्र पाठवून उपयोग होत नाही. तिथे भरती जाहिरात निघाल्यावर, ठरलेल्या अर्जातून आणि ठरलेल्या मुदतीतच होते. कुणी अशा पत्रासाठी आलं, तर त्याचे पैसे आणि वेळ वाचवा आणि जाहिरातीची वाट पाहायला सांगा.

कंपनी ठरलेली नसेल तर एकच परिच्छेद बदलता ठेवा

संपूर्ण पत्र "कुठल्याही कंपनीला चालेल" असं करायला गेलात, तर ते कुणालाच लागू पडत नाही. त्यापेक्षा पत्राचे तीन तुकडे करा. सुरुवात आणि शेवट कायम ठेवायचे, मधला परिच्छेद कंपनीच्या प्रकाराप्रमाणे बदलायचा.

याच मुलीला सांगली-मिरज-कुपवाड भागात अर्ज करायचे असतील, तर तिच्यासमोर साधारण तीन प्रकारची दारं आहेत. पहिला प्रकार औषधांचा किंवा किराणा मालाचा वितरक. त्याला दुकानदारांकडची येणी वेळेवर वसूल होण्याची आणि बिलं रोजच्या रोज निघण्याची काळजी असते. दुसरा प्रकार सीएचं ऑफिस. तिथे एकाच वेळी अनेक व्यापाऱ्यांची कागदपत्रं येतात, बरीचशी अर्धवट, आणि तारखा जवळ आलेल्या असतात. तिसरा प्रकार एमआयडीसीतला कारखाना. तिथे मालाची आवक नोंद, खरेदी ऑर्डर आणि पुरवठादाराचं बिल हे तिन्ही जुळल्याशिवाय पैसे सोडत नाहीत.

काम तेच, पण तिने प्रत्येकाला काय आधी सांगायचं ते बदलतं. वितरकाला रोज संध्याकाळी रोख जुळवण्याचं आणि न वटलेल्या चेकचा पाठपुरावा करण्याचं सांगायचं. सीएला सांगायचं की व्यापाऱ्याच्या बाजूने कागद कसे येतात हे तिला आतून माहीत आहे, कारण दर महिन्याची यादी तीच पाठवत होती. कारखान्याला वजनाची पावती आणि पट्टी ताडून मगच पैसे देण्याची सवय सांगायची, कारण त्यांच्या बिल तपासणीशी तीच मिळतीजुळती आहे. यात नवीन किंवा खोटं काहीही घातलेलं नाही.

पत्र कसं दिसेल

कारखान्यासाठीचा मसुदा असा होईल. नाव-गाव तिथे तिथे भरायचं.

> प्रति,
> व्यवस्थापक, लेखा विभाग,
> (कंपनीचं नाव आणि पत्ता)
>
> विषय: अकाउंट्स असिस्टंट पदासाठी अर्ज
>
> महोदय / महोदया,
>
> आपल्या लेखा विभागात अकाउंट्स असिस्टंट म्हणून काम करण्यासाठी मी हा अर्ज करत आहे. मी बी.कॉम. असून गेली दोन वर्षं सांगली मार्केट यार्डातील एका अडत पेढीत हिशोबाचं काम पाहते.
>
> हळदीच्या हंगामात मी दिवसाला साठ ते सत्तर शेतकऱ्यांच्या हिशोबपट्ट्या तयार करते. प्रत्येक पट्टी वजनाच्या पावतीशी ताडून पाहिल्यावरच रक्कम दिली जाते, आणि ही तपासणी माझ्याकडे आहे. आपल्याकडे पुरवठादारांची बिलं आवक नोंदीशी जुळवून मंजूर होतात, त्या कामात ही सवय उपयोगी पडेल असं मला वाटतं. याशिवाय टॅलीमध्ये खरेदी-विक्रीच्या नोंदी, दर आठवड्याची बँक जुळवणी आणि जीएसटीसाठी महिन्याची विक्रीची यादी तयार करून सनदी लेखापालांकडे पाठवणं ही कामं मी करते.
>
> टीडीएसचं काम मी अजून प्रत्यक्ष केलेलं नाही. सध्याच्या पेढीला एक महिन्याची सूचना देऊन मी रुजू होऊ शकते. सोबत माझा बायोडेटा जोडला आहे. भेटीची वेळ दिल्यास मी येऊन भेटेन.
>
> आपली विश्वासू,
> (नाव, मोबाईल क्रमांक)

नमुना लहान आहे. एवढं पुरतं, एका पानाच्या वर कधीच जाऊ नका. टीडीएस येत नाही हे सरळ लिहिलं आहे, याकडे लक्ष द्या. अनेकांना हे वाक्य काढून टाकावंसं वाटतं. माझं मत उलट आहे. एक गोष्ट येत नाही असं सांगणाऱ्या पत्रातल्या बाकीच्या गोष्टींवर वाचणाऱ्याचा विश्वास बसतो, आणि मुलाखतीत तो प्रश्न आला तरी ती गडबडत नाही. मात्र असं एकच वाक्य असावं, आणि ते शेवटाकडे असावं. जे काम त्या पदाचा गाभा आहे तेच येत नसेल, तर पत्रात कबुली देण्याऐवजी पदच बदलायला हवं.

सीएच्या ऑफिससाठी मधल्या परिच्छेदाची सुरुवात बदलेल: "गेली दोन वर्षं व्यापाऱ्याच्या बाजूने दर महिन्याची विक्रीची यादी आणि खरेदीची बिलं लेखापालांकडे वेळेत पोहोचवण्याचं काम मी करते. त्यामुळे कोणते कागद नेहमी राहून जातात आणि ते व्यापाऱ्याकडून कसे मागून घ्यावे लागतात, हे मला माहीत आहे." पट्ट्यांचा आकडा त्यानंतर.

मराठीतून इंग्रजीत नेताना

पतसंस्था, साखर कारखाना, शाळा किंवा गावातली पेढी असेल, तर मराठी पत्र चालतं. मोठ्या खासगी कंपन्यांना इंग्रजीच लागतं. तरीही मसुदा आधी मराठीत, अर्जदाराच्या समोर बसून करा. इंग्रजीत थेट सुरुवात केली की हात आपोआप नमुन्यातल्या वाक्यांकडे जातो आणि हार्डवर्किंग, डायनॅमिक, टीम प्लेयर ही मंडळी पहिल्या ओळीतच येऊन बसतात.

इंग्रजी करताना "जबाबदारी होती" अशी वाक्यं टाळून काय केलं ते क्रियापद वापरा: तयार केलं, तपासलं, जुळवलं, पाठवलं. पट्टी, अडत, तोलाई हे शब्द पुण्या-मुंबईच्या मनुष्यबळ विभागाला कळणार नाहीत. तिथे "शेतकऱ्याला द्यायच्या रकमेचा हिशोब" असं साधं करून लिहा. आणि एक नियम पाळाच: अर्जदाराला ज्या इंग्रजी शब्दाचा उच्चार करता येत नाही, तो शब्द पत्रात ठेवायचा नाही. मुलाखतीत समोरचा माणूस पत्र हातात धरूनच बोलतो.

माणूस समोर नसेल आणि फोनही उचलत नसेल

कधी व्हॉट्सअ‍ॅपवर एवढंच येतं, "कव्हर लेटर पाठवा, अर्जंट." मागणारा उत्तर देत नाही. अशा वेळी पूर्ण पत्र लिहू नका. रिकाम्या जागांचा सांगाडा आणि त्यासोबत प्रश्न पाठवा. सांगाडा असा:

> आपल्याकडे 【पद】 म्हणून काम करण्यासाठी मी अर्ज करत आहे. मी 【शिक्षण】 असून 【किती काळ】 【कुठल्या प्रकारच्या ठिकाणी】 काम केलं आहे.
>
> तिथे मी रोज / दर महिन्याला 【काम, किती संख्येने】 करत होतो. त्यात 【चूक होऊ नये म्हणून तुम्ही काय करायचात】.
>
> 【आणखी एक काम】. मी 【कधीपासून】 रुजू होऊ शकतो.

खाली तीनच प्रश्न लिहा: कोणतं पद हवं आहे, शेवटच्या कामाचा किंवा प्रोजेक्टचा एक दिवस कसा असायचा, आणि कुठल्या शहरात नोकरी हवी आहे. तीनपेक्षा जास्त विचारले तर लोक एकाचंही उत्तर देत नाहीत. लिहायला कंटाळा येत असेल, तर व्हॉइस मेसेज करायला सांगा. बोलताना माणूस जे तपशील देतो, ते तो टाइप करत नाही.

रिकाम्या जागा अशा ठेवा की चुकूनही नजरेतून सुटू नयेत. मी असे जाड कंस वापरतो आणि वर पिवळा रंग देतो. साध्या टिंबटिंबांच्या जागा घाईत तशाच राहतात आणि "आपल्या ...... कंपनीत" असं पत्र खरोखर पाठवलं जातं. त्याहून वाईट म्हणजे आदल्या माणसाच्या फाइलवर नवं पत्र करताना जुन्या कंपनीचं नाव तसंच राहणं. सेंटरवर हे वरचेवर होतं. म्हणून प्रत्येक पत्र कोऱ्या सांगाड्यावरून सुरू करा, शेवटच्या ग्राहकाच्या फाइलवरून कधीच नाही. पाठवण्याआधी फाइलमध्ये 【 हे चिन्ह शोधा. एकही सापडलं नाही, तरच पत्र पूर्ण.

पाठवण्याआधीच्या दोन तपासण्या

पहिली: पत्रातलं नाव बोटाने झाका आणि अर्जदाराला विचारा, "हे पत्र तुझ्या वर्गातल्या दुसऱ्या कुणाला आपलं म्हणून देता येईल का?" येत असेल, तर ज्या वाक्यामुळे ते देता येतं, त्यावर पुन्हा प्रश्न विचारायचे. "कामाचा ताण सांभाळू शकते" हे कुणालाही देता येतं. "हंगामात दिवसाला साठ-सत्तर पट्ट्या" हे तिचंच आहे.

दुसरी: पत्र मोठ्याने वाचा आणि प्रत्येक वाक्यावर थांबून तिला म्हणा, "यावर दोन वाक्यं अजून बोल." जिथे ती अडखळली, ते वाक्य एकतर खोटं आहे किंवा तुमचं आहे, तिचं नाही. ते काढा. पत्र आखूड झालं तरी हरकत नाही.

पाठवणं आणि नोंद

कंपनी ठरलेली नसताना केलेलं पत्र एका ठिकाणी राहत नाही. ते काकांच्या ओळखीतल्या माणसाकडे जातं, तिथून एखाद्या ग्रुपवर, मग एजंटकडे. म्हणून त्यात आधार क्रमांक, पॅन, जन्मतारीख, घरचा पूर्ण पत्ता, जात-धर्म यांपैकी काहीही घालू नका. मोबाईल आणि ईमेल पुरे. अशा पत्रावरून फोन करून कुणी नोंदणी किंवा प्रशिक्षणाच्या नावाखाली आधी पैसे मागितले, तर ती नोकरी नाही, हेही अर्जदाराला आत्ताच सांगून ठेवा.

ईमेलने पाठवायचं असेल, तर हेच पत्र ईमेलच्या मजकुरात घाला आणि बायोडेटा पीडीएफ करून जोडा. रिकामा ईमेल आणि त्याला दोन फाइली जोडलेल्या, हे अनेकजण उघडतही नाहीत. फाइलला `new final 2.pdf` असं नाव नको. `Accounts_Assistant_BCom_Sangli.pdf` असं काही ठेवा आणि पुढे अर्जदाराचं आडनाव जोडा. विषयाच्या ओळीत पद, अनुभव आणि गाव एवढं आलं पाहिजे, कारण जाहिरात नसताना तुमचा ईमेल कशाबद्दल आहे ते समोरच्याला दुसरीकडून कळणार नसतं. कारखान्यांच्या वेबसाइटवर बहुधा एकच सर्वसाधारण ईमेल असतो. तिथे पाठवून दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या नंबरवर फोन करून "लेखा विभागाचा ईमेल मिळेल का?" असं विचारलं, तर काही ठिकाणी मिळतो. लहान वितरकाकडे मात्र ईमेलपेक्षा छापील पत्र घेऊन दुपारी, गिऱ्हाईक कमी असताना जाणं चांगलं.

शेवटी अर्जदाराला एक वही करायला सांगा. तारीख, कोणाकडे पाठवलं, मधला कोणता परिच्छेद घातला होता, रुजू होण्याची कोणती मुदत लिहिली होती, एवढे चार रकाने. पाच-सहा ठिकाणी पत्रं गेली की दोन आठवड्यांनी अनोळखी नंबरवरून फोन येतो आणि पलीकडचा माणूस विचारतो, "तुम्ही अर्ज केला होता ना?" तेव्हा समोर सीएचं ऑफिस आहे की कारखाना, हे वहीत बघून बोलता आलं पाहिजे.